ऑफिसात तक्रार केली तर पुढे काय होतं? ३० दिवसांची मुदत, १० जणांची समिती आणि बदलीची भीती

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्या दिवसापासून ग्रॅच्युइटी, पगाराची रचना, हातात येणारा पगार कमी होणार की जास्त, यावर रील्स आणि पोस्ट्सचा पाऊस पडला. पण याच चारपैकी एका संहितेत, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये, एक कलम आहे ज्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. कलम ४. कामाच्या ठिकाणी एकट्या कामगाराची तक्रार असेल, तर ती कुणी ऐकायची, किती दिवसांत ऐकायची आणि तिथे न्याय मिळाला नाही तर कुठे जायचं, हे या कलमात सांगितलं आहे.

बहुतेक कंपन्यांमध्ये 'तक्रार निवारण धोरण' नावाचं एक डॉक्युमेंट असतं. जॉइनिंगच्या दिवशी ते मेलवर येतं, 'वाचलं आणि मान्य आहे' यावर क्लिक होतं आणि ते तिथेच राहतं. ते उघडायची वेळ येते तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: तक्रार केली आणि आपल्यालाच त्रास झाला तर?

या धोरणात काय असायला हवं, कायदा काय सांगतो आणि कायद्याचं संरक्षण नेमकं कुठल्या टप्प्यावर सुरू होतं, हे समजून घेऊया.

समिती कुठे लागते आणि कुणासाठी?

ज्या औद्योगिक आस्थापनेत २० किंवा त्याहून जास्त कामगार आहेत, तिथे किमान एक तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. इथे 'औद्योगिक' म्हणजे फक्त कारखाना नव्हे. उद्योग या शब्दाची व्याख्या मोठी आहे आणि त्यात अनेक सेवा व्यवसायही येतात.

मात्र 'कामगार' या शब्दाला मर्यादा आहे. हाताने काम करणारे, तांत्रिक, कारकुनी आणि प्रत्यक्ष ऑपरेशनचं काम करणारे यात येतात. श्रमिक पत्रकार आणि विक्री प्रतिनिधीही येतात. मॅनेजर किंवा प्रशासकीय पदावर असलेले येत नाहीत. सुपरवायझर असेल आणि पगार महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर तोही येत नाही. इथे व्हिजिटिंग कार्डवरच्या पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे हे जास्त महत्त्वाचं ठरतं. नावापुढे 'मॅनेजर' लावलं, पण हाताखाली कुणीच नाही आणि काम सगळं डेटा एंट्रीचं, तर फक्त नावामुळे तो माणूस कायद्याबाहेर जात नाही.

जे या व्याख्येत बसत नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीचं स्वतःचं धोरण हाच मुख्य आधार राहतो. म्हणून ते धोरण कसं लिहिलंय हे त्यांच्यासाठी आणखी महत्त्वाचं आहे.

पायऱ्या कुठून आल्या?

आधी सुपरवायझर, मग विभागप्रमुख, मग समिती. बहुतेक धोरणांमध्ये दिसणारी ही शिडी नवीन नाही. १९५८ साली भारतीय श्रम परिषदेच्या १६व्या अधिवेशनात एक आदर्श तक्रार कार्यपद्धती स्वीकारली गेली. तिच्यात प्रत्येक पायरीला स्वतःचं घड्याळ होतं.

पहिली पायरी: कामगार नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला तोंडी तक्रार सांगतो आणि त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं. दुसरी पायरी: समाधान झालं नाही तर विभागप्रमुखाकडे, त्याला ३ दिवस. तिसरी पायरी: तक्रार समितीकडे, तिने ७ दिवसांत शिफारस करायची. त्यावर व्यवस्थापनाने ३ दिवसांत निर्णय कळवायचा. तोही मान्य नसेल तर वर अपील, त्यासाठी एक आठवडा. त्यानंतर ऐच्छिक लवाद.

ही पद्धत ऐच्छिक होती. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पायऱ्या कितीही असोत, प्रत्येक पायरीवर 'किती वेळात' आणि 'उत्तर आलं नाही तर पुढे काय' या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. आजच्या अनेक धोरणांमध्ये 'तक्रारीची योग्य वेळेत दखल घेतली जाईल' असं वाक्य असतं. 'योग्य वेळ' म्हणजे किती, हे लिहिलेलं नसेल तर ती पायरी कधीच संपत नाही. एचआरचं 'बघतो' हे उत्तर दोन दिवस चालतं आणि सहा महिनेही चालतं.

२०१० मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन तक्रार समिती कायद्यात आली. तेव्हा समितीत जास्तीत जास्त ६ सदस्य होते, मुदत ४५ दिवसांची होती आणि समितीच्या निर्णयावर अपील मालकाकडेच करायचं होतं. नव्या संहितेत सदस्यसंख्या १० पर्यंत गेली, मुदत ३० दिवसांवर आली आणि मालकाकडच्या अपिलाची पायरी निघून गेली. आता समितीनंतरची पायरी थेट कंपनीबाहेर, समेट अधिकाऱ्याकडे आहे.

समितीत कोण असतं?

समितीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असावे लागतात. एकूण सदस्य १० पेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूला, एक वर्ष कामगारांच्या बाजूला असं आलटून पालटून जातं. आस्थापनेत महिला कामगारांचं जेवढं प्रमाण आहे, त्यापेक्षा कमी प्रमाण समितीत चालत नाही. म्हणजे १४० कामगारांपैकी २८ महिला असतील, तर ते प्रमाण २० टक्के होतं आणि १० जणांच्या समितीत किमान २ महिला हव्यात.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला नियम. समितीचा निर्णय बहुमताने होतो, पण नुसत्या बहुमताने नाही. कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांनी त्या निर्णयाला होकार द्यावा लागतो.

समजा, समितीत ५ मालकाचे आणि ५ कामगारांचे प्रतिनिधी आहेत. तक्रार फेटाळण्याच्या बाजूने मालकाच्या पाचही जणांनी मत दिलं आणि कामगारांच्या २ प्रतिनिधींनीही त्यांना साथ दिली. एकूण ७ विरुद्ध ३. बहुमत दिसतं, पण कामगारांच्या ५ पैकी फक्त २ जण बाजूने आहेत. निम्म्याहून जास्त होण्यासाठी ३ हवेत. त्यामुळे कायद्याच्या नजरेत समितीने निर्णय घेतलेलाच नाही. तक्रार फेटाळली गेली असं म्हणता येत नाही.

म्हणूनच समितीचा कागद हातात आल्यावर फक्त 'बहुमताने निर्णय' एवढं वाचून थांबू नये. कोणत्या बाजूच्या किती सदस्यांनी होकार दिला, हे इतिवृत्तात लिहिलंय का ते पाहावं. ते नसेल तर लेखी मागावं.

समिती कागदावरचीच आहे का, हे ओळखायच्याही काही खुणा आहेत. सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर किंवा इंट्रानेटवर नाहीत. कामगारांचे प्रतिनिधी कसे निवडले हे कुणालाच माहीत नाही. अध्यक्ष सलग तीन वर्षं एकच आहे, म्हणजे आलटून पालटून हा नियम पाळलेला नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच समितीत बसला आहे. शेवटच्या मुद्द्यासाठी चांगल्या धोरणात स्पष्ट वाक्य असतं: ज्या सदस्याचा तक्रारीशी संबंध आहे, तो त्या सुनावणीत बसणार नाही आणि त्याच्या जागी त्याच बाजूचा पर्यायी सदस्य येईल.

मुदती कशा मोजायच्या? एक उदाहरण

समजा, एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात १४० कामगार आहेत. तिथल्या क्वालिटी विभागातल्या एका महिला कामगाराला ७ जानेवारी २०२६ रोजी डिसेंबरचा पगार मिळतो. स्लिपवर ओव्हरटाइमचे ६ तास दिसतात. तिने प्रत्यक्षात १८ तास केलेत आणि पंचिंग मशीनच्या नोंदीही तसंच सांगतात.

१२ जानेवारीला ती सुपरवायझरला सांगते. कंपनीच्या धोरणात ४८ तास लिहिलेत. उत्तर येत नाही. मग विभागप्रमुख, तिथे 'पुढच्या पगारात ॲडजस्ट करू' असं ऐकायला मिळतं. जानेवारीचा पगार येतो, १२ तासांचे पैसे येत नाहीत. ९ फेब्रुवारीला ती समितीकडे लेखी अर्ज देते आणि प्रतीवर आवक शिक्का घेते.

इथून कायद्याचं घड्याळ सुरू होतं. ३० दिवस म्हणजे ११ मार्चपर्यंत समितीने कामकाज पूर्ण करणं अपेक्षित आहे. ११ मार्चपर्यंत निर्णय झाला नाही, तर तिला आणखी वाट बघायची गरज नाही. मुदत संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे १० मेपर्यंत, ती समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. समितीने ३० दिवसांच्या आतच तिच्याविरुद्ध निर्णय दिला, तर हे ६० दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजायचे.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, आतल्या पायऱ्यांमध्ये जाणारा वेळ. समितीकडे अर्ज करायला तक्रारीचं कारण घडल्यापासून एक वर्ष मिळतं. या उदाहरणात ती मर्यादा जानेवारी २०२७ पर्यंत आहे. सुपरवायझर आणि विभागप्रमुख या पायऱ्या कंपनीच्या धोरणातल्या आहेत, कलम ४ मधल्या नाहीत. त्या चढण्यात आठ महिने गेले म्हणून वर्षाचं घड्याळ थांबतं असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरं, ३० दिवसांनंतरची 'अजून एक मीटिंग लावतो'. मार्चच्या अखेरीस समिती पुन्हा बोलावते, एप्रिलमध्ये कागद मागते, मेमध्ये अध्यक्ष रजेवर जातात. समिती काम करत असल्याचं दिसत राहतं आणि १० मे निघून जाते. समितीची मीटिंग चालू असली तरी बाहेरच्या पायरीची तारीख कॅलेंडरवर स्वतः लावून ठेवावी लागते.

आणखी एक अडचण कायद्यातच आहे. समेट अधिकाऱ्याकडे हा अर्ज कामगार ज्या युनियनचा सदस्य आहे, तिच्यामार्फत करायचा आहे. जिथे युनियन नाही किंवा कामगार कुठल्याच युनियनचा सदस्य नाही, तिथे ही अट मोठा अडथळा ठरू शकते. त्यामुळे समितीचे ३० दिवस चालू असतानाच युनियनचा प्रश्न सोडवून ठेवावा लागतो, नंतर नाही.

नोकरीवरून काढलं असेल तर मात्र चित्र वेगळं आहे. बडतर्फी, कपात किंवा कोणत्याही प्रकारे सेवा संपवली, तर तो वाद एकट्या कामगाराचा असला तरी औद्योगिक वादच मानला जातो. त्यासाठी युनियन किंवा दुसरा कामगार सोबत असण्याची गरज नाही. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवस उलटले की थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. त्यासाठी काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांची मर्यादा आहे.

तक्रार केली म्हणून बदली झाली तर?

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. ९ फेब्रुवारीला अर्ज दिला. १६ फेब्रुवारीला तिला मेल येतो: 'कामाच्या गरजेनुसार' तुमची बदली ४० किलोमीटरवरच्या दुसऱ्या युनिटला करण्यात येत आहे. घरी लहान मूल आहे, त्या युनिटला कंपनीची बस जात नाही. कुणीही तिला 'तक्रार मागे घे' म्हटलेलं नाही. म्हणण्याची गरजही नाही.

यावर कायद्यात दोन संरक्षणं आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी कामाला येतात.

पहिलं, संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. आकसाने कामावरून काढणं, धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने बदली करणं, मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून भेदभाव करणं, हे सगळं त्या यादीत आहे. अशा प्रथेसाठी किमान १० हजार आणि जास्तीत जास्त २ लाख रुपये दंड आहे. पण हे संरक्षण घटना घडून गेल्यानंतरचं आहे. दंड झाला तरी तोपर्यंत ती ४० किलोमीटर ये-जा करतच असते. आणि 'वाईट हेतू' सिद्ध करायचा असतो.

दुसरं, कलम ९०. वादाची कारवाई चालू असताना त्या वादाशी संबंधित बाबतीत कामगाराच्या सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. वादाशी संबंधित गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचं असेल, तर जिथे कारवाई चालू आहे त्या अधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी लागते. हे संरक्षण आधीच हात धरणारं आहे.

पण कलम ९० कुठल्या कारवाईला लागू होतं? समेट अधिकारी, लवाद आणि न्यायाधिकरण यांच्यासमोरच्या. या यादीत तक्रार निवारण समितीचं नाव नाही.

म्हणजे तक्रारदार ज्या ३० दिवसांत सर्वात एकटा असतो, ज्या काळात तक्रार आत्ताच समोर आलेली असते आणि सुपरवायझरचा राग ताजा असतो, नेमक्या त्याच काळात हे आधी थांबवणारं संरक्षण नाही. ते सुरू होतं ते प्रकरण कंपनीबाहेर गेल्यावर. ही पोकळी भरायची असेल तर ती कंपनीच्या धोरणानेच भरावी लागते.

मग धोरणात काय लिहिलेलं असावं?

'तक्रारदाराचा छळ खपवून घेतला जाणार नाही' हे वाक्य जवळपास प्रत्येक धोरणात असतं. त्याने काहीच अडत नाही, कारण बदलीच्या मेलमध्ये कुणीही 'छळ' असं लिहीत नाही. उपयोगी कलम हे कृती, काळ आणि परवानगी या तीन गोष्टी नावानिशी सांगतं.

कृती म्हणजे बदली, शिफ्ट बदल, अप्रेझलचं रेटिंग, कारणे दाखवा नोटीस, कॉन्ट्रॅक्ट नूतनीकरण नाकारणं. काळ म्हणजे तक्रार दिल्यापासून निकालापर्यंत आणि त्यानंतरचे काही ठरावीक महिने. परवानगी म्हणजे या काळात वरीलपैकी काही करायचं असेल, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या सहीने ते होणार नाही. त्याच्याशी संबंध नसलेला वरिष्ठ अधिकारी लेखी कारण देईल आणि ते समितीला कळवेल. साक्षीदार आणि समितीतले कामगार प्रतिनिधी यांनाही हेच लागू असायला हवं, कारण पुढची बदली बऱ्याचदा त्यांची होते.

असा विचार आपल्या कायद्यात अगदीच नवा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, चौकशी चालू असतानाच महिलेच्या लेखी विनंतीवरून समिती तात्पुरत्या दिलाशाची शिफारस करू शकते: तिची किंवा समोरच्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा. तिथे मागणी तिच्याकडून येते, मालकाकडून नाही, आणि ते निकालाची वाट बघत नाही. लैंगिक छळाची तक्रार त्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. पण इतर तक्रारींसाठी धोरण लिहिताना हा नमुना समोर आहे.

आणखी एक ओळ शोधून वाचावी अशी असते: 'खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल.' ही ओळ एवढ्यावरच संपत असेल, तर ती धमकी ठरते. २०१३ च्या कायद्यात याच्या पुढचं वाक्यही आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करायची गरज नाही. चांगल्या धोरणात हे दुसरं वाक्य असतं.

आकस ओळखायचा कसा?

हेतू कुणी कागदावर लिहीत नाही, त्यामुळे तो आजूबाजूच्या गोष्टींवरून दिसतो. तक्रार आणि कारवाई यात किती दिवसांचं अंतर आहे? वरच्या उदाहरणात ते ७ दिवसांचं आहे. त्या युनिटला माणूस हवा होता, तर ती गरज तक्रारीच्या आधी कुठल्या कागदावर दिसते का? आधीच्या बदल्यांमध्ये किती दिवसांची नोटीस दिली जायची? क्वालिटीतल्या बाकीच्यांपैकी हिलाच का निवडलं, याला काही निकष होता का? निर्णयावर सही कुणाची आहे?

याची उत्तरं नंतर शोधताना सर्वात जास्त अडतं ते तारखांवर. म्हणून ९ फेब्रुवारीच्या अर्जावरचा आवक शिक्का, १२ जानेवारीच्या तोंडी बोलण्यानंतर त्याच दिवशी पाठवलेला 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' असा साधा मेल, पंचिंगच्या नोंदींची प्रत आणि बदलीच्या मेलला दिलेलं लेखी उत्तर हे चार कागद वाटतात त्यापेक्षा खूप मोलाचे असतात. बदलीला उत्तर देताना ती नाकारून घरी बसणं धोक्याचं ठरू शकतं. गैरहजेरी हे वेगळं गैरवर्तन म्हणून दाखवता येतं आणि मूळ ओव्हरटाइमचा मुद्दा बाजूला पडतो. आक्षेप लेखी नोंदवून, समितीला त्याची प्रत देऊन, त्याच अर्जात 'तक्रारीनंतर ७ दिवसांत ही कारवाई झाली' हे जोडणं हा जास्त टिकणारा मार्ग आहे.

आणि समितीच्या ३० दिवसांची वाट न बघता, या बदलीची स्वतंत्र तक्रारही त्याच समितीकडे देता येते. मग तिचे ३० दिवस वेगळे, तिचे ६० दिवस वेगळे. ओव्हरटाइमच्या १२ तासांची तारीख मात्र तीच राहते: १० मे.